एका जमेला एकच ओळ

आमच्या घरात कुठूनही पैसे आले की आई देवापुढे चमचाभर साखर ठेवते. माझा पगार असो, नाहीतर रद्द केलेल्या बसतिकिटाचे परत आलेले पैसे असोत, साखर ठरलेली. मोबाईलवर मेसेज वाजला की ती स्वयंपाकघरातूनच विचारते, "आलं व्हय गं?" मी हो म्हणेपर्यंत तिचा हात डब्यात गेलेला असतो.

मी बेळगावात एका शाळेत शिकवते. आई माझ्याजवळ असते. आक्का आणि दाजी निपाणीत असतात. आक्का ब्लाऊज आणि फॉल-पिकोचं काम करते. तिनं शाळा अर्ध्यात सोडली आणि तिच्या शिलाईच्या पैशांवर माझं कॉलेज झालं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्यामुळे 'मोबाईलवरचं' सगळं माझ्याकडे आलं. दाजींची तिकिटं, आईची औषधं, आक्काचे दोरे आणि लेस, सगळ्यांचे पैसे माझ्याच खात्यातून जायचे. कुठला व्यवहार अडकला, कुठले पैसे परत यायचे आहेत, हे डोक्यात राहीना. म्हणून मी मोबाईलवर एक शीट केली आणि घरातल्या सगळ्यांना ती उघडून दिली.

शीट साधीच आहे. खात्यातून पैसे कापले गेले की एक ओळ. तारीख, कुणासाठी, कुणाला, रक्कम, व्यवहार क्रमांक. पुढे स्थिती: 'झाला', 'अडकला' किंवा 'परत येणार'. मग पैसे कधीपर्यंत परत यायला हवेत ती तारीख, आणि शेवटी जमेचे दोन रकाने, एक जमा झाल्याच्या तारखेचा, एक जमेच्या क्रमांकाचा. मुदत उलटली आणि जमेची तारीख रिकामी असली, की ओळ आपोआप लाल होते. दाजी म्हणायचे, "शाळेतली पोरं सोडून आता आमास्नी लाल शाई व्हय!"

लगीनसराईच्या आधी आक्काला ओव्हरलॉक मशीन हवं होतं. कापडाच्या कडा बाहेरून मारून आणण्यात तिचा निम्मा दिवस जायचा. तिनं साठवलेले साडेचौदा हजार माझ्या खात्यात भरले आणि मी ऑनलाइन दुकानातून मशीन मागवलं. पैसे भरताना चक्र फिरत राहिलं. खात्यातून रक्कम कापली गेली, पण दुकानाच्या पानावर 'व्यवहार अपयशी' असं आलं. सवलतीचा शेवटचा दिवस होता. मी पुन्हा पैसे भरले, या वेळी झाले. म्हणजे एका मशीनसाठी दोनदा पैसे गेले. मशीनला लागले ते आक्काचे धरले, अडकले ते माझे घरभाड्याचे. मी शीटमध्ये दोन ओळी केल्या आणि अडकलेल्या व्यवहाराची बँकेकडे तक्रार नोंदवली. मुदत संपली, पहिली ओळ लाल झाली. भाडं उशिरा देते असं घरमालक काकांना सांगून आले.

मशीन आलं ते मोटार अडकलेलं. चालू केलं की नुसतं घुमायचं. "ह्येच्यापेक्षा तुमचं घोरणं बरं," आक्का दाजींना म्हणाली. मशीन परत पाठवलं. मी दुसऱ्या ओळीपुढे 'परत येणार' लिहिलं.

एका सकाळी दुकानाचा मेसेज आला, तुमचे पैसे परत पाठवले आहेत. त्याच दुपारी बँकेचा मेसेज आला, साडेचौदा हजार जमा. मी शाळेतूनच घरी कळवलं. संध्याकाळी शीट उघडून दुसऱ्या ओळीत जमेची तारीख टाकली. तोवर देवापुढे साखर ठेवली गेली होती, आणि आक्कानं इथल्याच कॅम्प भागातल्या मशीनच्या दुकानवाल्या मामांना फोन करून तेवढ्याच किमतीचं एक ओव्हरलॉक शनिवारपर्यंत बाजूला ठेवायला सांगितलं होतं.

जमेचा क्रमांक मात्र भरायचा राहिला होता. तो मेसेजमध्ये नव्हता. मी बँकेचं स्टेटमेंट उघडलं आणि थबकले. जमेच्या नोंदीत व्यवहार उलटल्याचा, म्हणजे कापलेले पैसे परत फिरल्याचा, शेरा होता आणि क्रमांक होता तो पहिल्या ओळीचा! म्हणजे आले होते ते अडकलेले पैसे. दुकानाकडून एक रुपयाही आला नव्हता.

मी आक्काला फोन केला.

"म्हंजे आलं ते तुजं भाड्याचं?"

"होय. पण तू घे की गं. मशीन घे, भाड्याचं मी बघते."

"अजाबात न्हाय. घरमालकाला दे आधी. माजं येईल तवा मी घेईन."

मागून दाजींचा आवाज आला, "आन् साखर? ती कुणाच्या पैशाची ठेवली?"

"देवापुढं ठेवलेली साखर मी न्हाय उचलणार," इकडे आई म्हणाली. "त्येनं आता दुसरं पैसं बी द्यावं."

मी जमेची तारीख पहिल्या ओळीत हलवली. ती मिटली. दुसऱ्या ओळीची मुदत संपली आणि ती लाल झाली. शीटच्या वर मी ठळक अक्षरांत लिहिलं: एका जमेला एकच ओळ, आणि तीही क्रमांक जुळल्यावरच.

दुकानाला फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे तुम्हाला रक्कम परत मिळाल्याचं दिसतंय."

"कोणत्या क्रमांकानं?"

तिनं क्रमांक वाचला. तोच, पहिल्या ओळीचा. आमच्या घरानं जी चूक केली, तीच दुकानानंही केली होती. ऑर्डरवर एक रक्कम उलटलेली दिसली आणि त्यांनी मशीनचं प्रकरण मिटवून टाकलं होतं. मला राग यायच्या ऐवजी हसू आलं. मी त्यांना स्टेटमेंटमधल्या तीन नोंदी पाठवल्या: दोनदा कापले, एकदा जमा. सोबत दुसऱ्या व्यवहाराचा क्रमांक आणि मशीन परत नेल्याची पावती.

शुक्रवारी सकाळी मेसेज वाजला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात चमचा होता, पण रिकामा.

"नंबर बघ आधी," ती म्हणाली.

स्टेटमेंट उघडलं. नवा क्रमांक, दुकानाचं नाव, पूर्ण रक्कम. दुसरी ओळ मिटली. मग डबा उघडला.

शनिवारी आक्का आणि दाजी सकाळच्या बसनं आले आणि आम्ही कॅम्पात गेलो. मामांनी मशीन चालवून दाखवलं. दोरा सरळ, आवाज मऊ. आक्कानं कापडाचा तुकडा तीनदा फिरवून बघितला. मी पैसे पाठवले आणि पुन्हा ते चक्र फिरायला लागलं. पैसे आले की बोलणारा मामांच्या टेबलावरचा स्पीकर गप्प.

"मारा की परत एकदा," मामा म्हणाले. "नेटवर्क न्हाय हितं."

माझा अंगठा हलायच्या आत आक्कानं माझा हात धरला.

"न्हाय मामा. पैल्याचं काय झालं ते कळल्याबिगर दुसरं न्हाय. तुमी च्या सांगा."

"च्या सांगतो. पर किती येळ बसणार?"

"तासभर बसू. मशीन कुटं पळून जातंय व्हय?"

मी व्यवहार उघडून पाहिला. अजून 'अडकला'च. चहा आला. दाजी मशीनवर हात ठेवून बसले, जणू कुणी घेऊन जाईल. कप निम्मा संपला असेल, तोच स्पीकर कन्नडमध्ये खणखणीत बोलला, साडेचौदा हजार मिळाले.

मामा हसले. "आता उचला."

"जरा थांबा," आक्का म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "नंबर लिवून घे आधी."