उघडं दार आणि डाव्या रकान्यातले सिनेमे

बी.एड.च्या वर्षी, रोह्याच्या एका शाळेत, नववी ब च्या वर्गाला मी सांगितलं, "ज्याला शिकायचं नाही त्याने आत्ता उठून जावं, दार उघडं आहे." वर्ग उठून गेला.

एवढीच चूक. पण ती पेणला सुरू झाली, आठवडाभर शिजली, एसटीने रोह्याला आली आणि मग वर्गात सांडली, म्हणून जरा मागून सांगतो.

मी तेव्हा पेणला राहत होतो आणि मुलांना घाबरत होतो. मोठ्यांना नाही, कुत्र्यांना नाही, मुलांना. कॉलेजात आमचे सूक्ष्म पाठ व्हायचे. सहा मिनिटांचा पाठ, आणि समोर विद्यार्थी म्हणून आपलेच वर्गमित्र. तिथेसुद्धा माझा खडू घामाने ओला होऊन फळ्यावर उमटायचा नाही. पुढे खऱ्या शाळेतले सराव पाठ होते. भूगोल अध्यापन पद्धती शिकवणाऱ्या बाईंनी माझी अवस्था ओळखली आणि एक दिवस वहीचं पान फाडून माझ्या हातात दिलं. पानाच्या मधोमध उभी रेघ. डाव्या बाजूला तीन सिनेमे, वर शीर्षक 'बळ येण्यासाठी'. उजव्या बाजूला दोन, शीर्षक 'जमिनीवर राहण्यासाठी'.

"शिक्षक-विद्यार्थ्यांचेच आहेत सगळे," बाई म्हणाल्या. "एक डावीकडचा पाहिलास की लगेच एक उजवीकडचा. नुसतं गोड खाऊ नकोस. आणि प्रत्येक सिनेमा दोनदा बघ. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. शिक्षकाकडे नाही, मागच्या बाकाकडे बघायचं. ती मुलं काय करतायत?"

पानाच्या खाली चार प्रश्न होते. वर्गातल्या किती मुलांना नाव आहे? दोन प्रसंगांच्या मध्ये किती दिवस गाळलेत? गृहपाठ कोण तपासतं? हजेरी कोण घेतं?

मी पान खिशात घातलं आणि बाजारातल्या सीडीच्या दुकानात गेलो. डावीकडचे तिन्ही मिळाले. उजवीकडचे दुकानदाराने कपाटाच्या वरून काढून धूळ झटकून दिले आणि म्हणाला, "हे कोणी नेत नाय. गाणी नाय, मारामारी नाय, शेवटी मास्तर जिंकत पण नाय." मी दोन्ही परत कपाटावर ठेवायला लावले. मास्तर जिंकत नाही हे बघायला मला सीडी कशाला हवी होती? ते मी कॉलेजात रोज बघत होतो.

तिन्ही सिनेमे मी आवाज मोठा ठेवून, एकेकदाच पाहिले. एकात मास्तरांची बदली होते आणि अख्खं गाव एसटीपुढे आडवं पडतं. दुसऱ्यात वर्षभर नापास होणारा वर्ग एका गाण्यात पास होतो. तिसरा मात्र काळजात घुसला. त्यात नवा मास्तर दांडगट वर्गात शिरतो, बाह्या सारतो, दार सताड उघडतो आणि तेच वाक्य म्हणतो. कोणी हलत नाही. मागच्या बाकावरचा गुंड मान खाली घालतो. मग सतार वाजते. ते वाक्य मी घरी आरशासमोर पाठ केलं. बाह्या सारायचा सराव वेगळा केला.

सराव पाठाच्या दिवशी सकाळची एसटी धरली. गडब गेलं. नागोठण्याला उतरून परत फिरावं असं मनात आलं, पण पाठाचं टाचण मंजूर झालेलं होतं. त्यावर बाईंची सही होती आणि पाठ बघायला बाईच येणार होत्या. पाठ नामंजूर झाला तर तो पुन्हा घ्यावा लागणार, म्हणजे त्याच मुलांसमोर पुन्हा उभं राहायचं. त्यापेक्षा पहिल्यांदाच उभं राहणं बरं.

घटक होता 'नदीचे कार्य'. टाचणावर वरच्या चौकटीत मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: इयत्ता नववी ब, पटसंख्या ४३. वर्गात गेलो. फळ्याच्या कोपऱ्यात कसलेसे आकडे होते. फळा स्वच्छ हवा, त्याला गुण असतात, म्हणून मी ते पुसून टाकले. मागच्या बाकावर निरीक्षणाचा तक्ता घेऊन आमच्याच तुकडीतली एक विद्यार्थिनी बसली होती. रोह्याजवळच्या वरश्याची, लग्न झालेली, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी; मी तिला ताई म्हणायचो. बाई दहा मिनिटांनी येणार होत्या.

प्रस्तावनेचे प्रश्न विचारायला तोंड उघडलं तर आवाजच येईना. मुलं आधी गप्प होती, मग कुजबुजली, मग एक खोडरबर माझ्या कानाजवळून गेलं. तेव्हा मी बाह्या सारल्या.

वाक्य मात्र झकास निघालं. आवाज चिरकला नाही, काही नाही. वर्ग शांत झाला. मी सतारीची वाट बघत होतो.

मागून एक लांबडा मुलगा उठला. "खरंच जाव, सर?"

सिनेमात हा प्रश्न नव्हता. मी म्हणालो, "हो."

"येतो मग," म्हणाला आणि गेला. त्याच्यामागे त्याचा बाक गेला, मग ती रांग, मग मुली, शिस्तीत, एकीच्या मागे एक. दोघींनी "थँक्यू सर" म्हटलं. वर्ग इमारतीच्या टोकाला होता आणि आवाराची मागची भिंत एका ठिकाणी पडलेली होती. तिथून सगळे बाहेर झाले. पहिल्या बाकावर एक मुलगी तेवढी उरली, खाली मान घालून लिहीत. माझे डोळे भरून आले. म्हटलं, "तुला शिकायचं आहे ना, बाळ?"

"नाय सर. गणिताचा गृहपाठ राहिलाय, पुढचा तास गणिताचा हाय."

ताई तक्त्यातून मान वर काढून म्हणाली, "हे कुठल्या रकान्यात लिहू? विद्यार्थी सहभाग?" आणि मग तिचा चेहरा बदलला. "अरे, ती पोरं नदीच्या घाटावर गेली असतील. वरून वीजघराचं पाणी सोडतात ना, ते याच सुमाराला पोचतं इकडे. नदी बघता बघता फुगते."

मी पेणचा. ही नदी दिवसाकाठी एकदा, आभाळ कोरडं असताना फुगते हे मला ठाऊकच नव्हतं. टाचणात मी नदीची तीन कार्ये लिहिली होती, खनन, वहन, निक्षेपण. हे चौथं कार्य त्यात नव्हतं. बोळातून धावलो. एक चप्पल तुटली ती तिथेच टाकली.

घाटाच्या वरच्या पायरीवर चपलांची रांग होती. मुलं खाली बसली होती, बोरं खात. पाणी खालच्या तीन पायऱ्या चढून आलं होतं आणि चौथीवर येत होतं, अजिबात आवाज न करता.

"वर या," मी म्हणालो. ओरडायचं होतं, पण कुजबुजल्यासारखं निघालं. तरी ती आली. माझ्या चेहऱ्याकडे बघून आली असणार. मी मोजायला लागलो. अडतीस. पुन्हा मोजली, एक्केचाळीस. दोन-दोनच्या रांगा केल्या तेव्हा चाळीस. पुन्हा चाळीस.

टाचणावर त्रेचाळीस. तीन मुलं नव्हती.

"कोण नाही?" मी विचारलं.

"सगळे हाय सर," लांबडा म्हणाला.

"नाहीत. तीन कमी आहेत. नावं सांगा त्यांची."

"कमी नाय तर नावं कुणाची सांगू?"

मला तर एकाचंही नाव माहीत नव्हतं. सगळ्यांना चपला घालायला लावल्या. चाळीस जणांनी घातल्या आणि पायरीवर एक जोड उरला. निळ्या पट्ट्यांचा, लहान पायाचा. त्या जोडाकडे आणि वर चढणाऱ्या त्या गप्प पाण्याकडे मी किती वेळ बघत उभा होतो कोण जाणे. पोलीस, त्या तिघांच्या आया, सगळं डोळ्यांसमोर येऊन गेलं आणि मी गुडघाभर पाण्यात उतरलो. मला पोहता येत नाही.

पलीकडच्या खडकाआडून धुण्याची बादली घेऊन एक बाई वर आली. माझ्याकडे बघितलं, चपलांकडे बघितलं. "माझ्या हायत त्या. काय करायच्यात तुला?"

जोडाचा प्रश्न मिटला. पण तीन मुलं नव्हतीच. चाळिसांना दोरीने बांधल्यासारखं एकमेकांचा हात धरायला लावून शाळेत आणलं. बोळभर मी मागे वळून मोजत होतो.

वर्गात बाई बसल्या होत्या, एका बाजूला गणितवाली मुलगी, दुसऱ्या बाजूला ताई. मी दारातच म्हणालो, "बाई, तीन मुलं सापडत नाहीत."

बाई उठल्या. आमच्यापेक्षा त्यांचाच चेहरा जास्त पांढरा होता. त्यांनी मुलीला विचारलं, "आज हजर किती होते गं?"

"एक्केचाळीस. दोघं खांबला लग्नाला गेलेत. फळ्यावर लिहिलं होतं की, पट आणि हजर. सरांनी पुसलं."

"आणि चाळीस तिकडे होते," बाई हळू म्हणाल्या, "मग एक्केचाळिसावी कुठे आहे?"

मुलीने हात वर केला.

बाई पुन्हा बसल्या. ओल्या पँटीचं पाणी माझ्या पायाशी साचत होतं. त्या म्हणाल्या, "हजेरी कोण घेतं, हा प्रश्न होता पानावर. आणि सिनेमातली मुलं उठत नाहीत, कारण त्यांना बसायचे पैसे मिळतात." पाठ नामंजूर झाला, पुढच्या आठवड्यात त्याच वर्गावर पुन्हा ठरला. शाळेला काय सांगायचं ते बाईंनीच सांगितलं. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर मी अर्धा तास उभा होतो.

त्या रविवारी उजवीकडचा एक सिनेमा आणला. एक नवखा मास्तर वर्षभर एका वर्गावर ओरडतो, दमतो, एका मुलाला लागेल असं बोलतो, आणि तो मुलगा परत येत नाही. मास्तर त्याच्या घरी जातो तर दाराला कुलूप. शेवटच्या प्रसंगात तो वर्गात येऊन हजेरी घेतो, आणि त्या एका नावाशी थांबतो. बस, एवढंच. दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघितला. मागच्या बाकावरची मुलं सबंध सिनेमाभर दाराकडे बघत होती. मग दाराचा तो डावीकडचा सिनेमा पुन्हा लावला, मुका. त्यात मागे मुलंच नव्हती, नुसत्या गणवेशांच्या रांगा होत्या.

दुसऱ्या पाठाला मी पूर्वीइतकाच घाबरलो होतो, उलट जास्त, कारण आता नदी माहीत होती. आधी दार लोटलं. मग हजेरी घेतली, एकेक नाव, एकेक चेहरा. त्यात सहा मिनिटं गेली. फळ्याच्या कोपऱ्यात पट आणि हजर लिहिलं आणि त्याच्याभोवती चौकट केली. पाण्याची वेळ कशी कळते हे मुलांनाच विचारलं. सांगू लागली. पाठ बरा चालला असावा. बाईंची मान एकदा हललेली मी पाहिली.

शेवटी, मूल्यमापनाचे प्रश्न संपल्यावर, मी विचारलं, "काही शंका?"

मागचा लांबडा उठला. "सर, ते दार उघडा ना. तुमचा तेवढा एकच पाठ आम्हाला आवडला होता."