‘निघालो’ म्हटलं की इंजेक्शन

“पट्टा सोड म्हणतोय ना मी!”

हे मी ओरडलो. माझा आवाज ऑपरेशन थिएटरमधून थेट भोरच्या एस.टी. स्टँडवर ऐकू गेला, आणि पासलीची गाडी पकडायला निघालेली माणसं जागच्या जागी थांबली म्हणतात. मी भूल देणारा डॉक्टर. आमच्या जमातीनं खालच्या आवाजात बोलायचं असतं, कारण आमचं सगळं यश समोरच्यानं झोपण्यात असतं. पण त्या दिवशी टेबलावरची आजी जागीच होती. पासलीची, जन्मभर भातखाचरात वाकलेली. कमरेखाली बधिर, वर टक्क जागी.

पुण्याहून येणाऱ्या सर्जनसाहेबांना तिचा गुडघा बदलायचा होता. मांडीवरचा पट्टा फुगवून झाला होता, म्हणजे पायाचं रक्त बंद. साहेबांच्या हातात सुरी होती.

मी सहज विचारलं होतं, “सिस्टर, अँटिबायोटिक कधी दिलं?”

“सरांचा फोन आला तेव्हा. वॉर्डात.”

ही आमच्याकडची रीत. साहेब घरातून ‘निघालो’ म्हणाले की सिस्टर इंजेक्शन टोचणार. मग साहेब हायवेवर अडकोत, चहाला थांबोत, नाहीतर वाटेत संसार थाटोत. ते आले तोवर आजीच्या रक्तातलं औषध ओसरत आलेलं. औषध काप घेण्याआधीच्या तासाभरात जायला हवं आणि पट्टा फुगण्याआधी पायात पोचायला हवं. रक्तच बंद केल्यावर ते काय उडत जाणार?

“वरून द्या आणखी एक,” साहेब म्हणाले.

“ते दंडात फिरेल, गुडघ्यात नाही.”

“मग नंतर पाच दिवस भारीतलं चालू ठेवू. दरवेळी ठेवतोच.”

इथं माझं डोकं फिरलं. “चोर आत शिरल्यावर पाच दिवस दाराला कुलूप लावणार? नव्या सांध्याच्या धातूवर जंतू बसले तर सांधा पुन्हा उघडावा लागेल. तो तुमच्या गुडघ्यात नाही, हिच्या गुडघ्यात.”

तेवढ्यात कुणीतरी भांडण बघायला दार उघडलं. मी त्याच्यावरही गरजलो, “दार लाव! हितं तमाशा न्हाई!”

आजी पडद्याआडून म्हणाली, “डाक्तर, माज्या पायावरनं भांडताय व्हय? मग निवांत भांडा. मला कायबी कळंना खाली.”

पट्ट्यापाशी उभा पोरगा साहेबांकडं बघत राहिला, तेव्हा मी तो स्टँडवर ऐकू गेलेला आवाज काढला आणि त्यानं पट्टा सोडला. मी नवा डोस शिरेतून दिला आणि तो पायात पोचेपर्यंत सगळ्यांना ताटकळत ठेवलं. साहेब हात छातीशी धरून भिंतीकडं बघत उभे. मग पुन्हा पट्टा, आणि मग सुरी.

टाके पडल्यावर मी साहेबांना सांगितलं, “आजपासून वॉर्डात इंजेक्शन नाही. तुम्ही आत आलात की मी इथंच देणार. आणि पाच दिवसांचं बंद. फार तर उद्यापर्यंत.”

ते हातमोजे काढत होते.

“मग निघताना मी फोन कुणाला करू?”