तीन मापं पीठ

सत्तरच्या दशकात आम्ही सांगलीत बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होतो. मसुदा तयार झाला की तो खेड्यात वाचून दाखवायचा आणि ऐकणाऱ्यांनी तो आपल्या शब्दांत परत सांगायचा, अशी आमची रीत. उंब्रजला जमलेल्या मंडळींना मी येशूचा एक दाखला वाचून दाखवला. देवाचं राज्य खमिरासारखं आहे. एका बाईनं ते तीन मापं पिठात मिसळलं आणि सगळं पीठ फुगून आलं.

पुढ्यात बसलेल्या मावशी म्हणाल्या, "बाईनं घरच्यापुरतं पीठ मळलं."

मी भडकलो, मावशींवर नव्हे, आमच्या त्या 'मापां'वर. मूळ ग्रंथातलं एक माप म्हणजे सात किलोंहून जास्त पीठ. "बावीस किलो लिहा म्हणून मी कधीचा ओरडतोय!"

सोबत आलेले आमच्या चर्चचे म्हातारे पाळकही तापले. "शास्त्रात किलो? रेशनचं दुकान आहे का ते?"

मी त्यांना जुमानलं नाही. तेच वाक्य 'सुमारे बावीस किलो पिठात' असं बदलून पुन्हा वाचलं.

मावशींनी कपाळावर हात मारला. "आवं, एकट्या बाईनं? शंभर माणूस जेवंल की! ही तर पंगत हाय!"

सगळे एकदम बोलायला लागले. पाळकही हसत सुटले. "राहू दे तुझे किलो," ते म्हणाले.

मी घाईघाईनं पेन काढलं, तर मावशींनी माझा हातच धरला.

"लिवा मागनं. आदी सांगा, एवढ्या पंगतीला बोलावलंय कुणाकुणाला?"