आईच्या चटणीचं नाव

गच्चीवर मिरची वाळत पडली की आमच्या घरातली दुपार तांबूस व्हायची. जिन्यातून तो उजेड खाली माझ्या खोलीत उतरायचा, आणि त्यात पडल्या पडल्या मी नावं शोधायचे. डोळे मिटले की नावं आपसूक यायची. जाग आली की निम्मी विसरलेली असायची, आणि उरलेली कुणीतरी आधीच घेतलेली निघायची.

नाव हवं होतं आईच्या कांदा-लसूण चटणीला. बाबा असताना ती नात्यागोत्यात डबे भरून द्यायची, ते गेल्यावर तिनं चटणी विकायला काढली. पुण्या-बेंगळुरूहून फोन येऊ लागले. डब्यावर मात्र काहीच लिहिलेलं नसायचं. गिऱ्हाईक एकमेकांना सांगायचं, ती कोल्हापूरच्या काकूंची चटणी मागव. आता अशा काकू आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. एकदा आईच्या चटणीची वाहवा ऐकून कुणी दहा डबे मागवले ते दुसऱ्याच काकूंकडून. आईला ते फार लागलं. दोन दिवस ती धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, तू शिकलेली आहेस ना, मग नाव शोध.

मला वाटलं, त्यात काय मोठंसं. राजारामपुरीत एक सल्लागार बाई आहेत, ट्रेडमार्कची कामं करतात. त्यांच्याकडे मी ऐटीत यादी घेऊन गेले. त्यांनी संगणकावर नोंदलेल्या नावांच्या यादीतला मसाल्यांचा वर्ग उघडला आणि माझं एकेक नाव घालायला सुरुवात केली. देवीची नावं गेली, नदीची गेली, गडांची गेली. अक्षरं वेगळी असली तरी उच्चार जवळचा असला की अडचण येते, म्हणून त्या तसंही शोधून बघत होत्या. माझं 'झणझणीत' त्यांनी शोधलंच नाही. म्हणाल्या, चटणी झणझणीत असणारच, तो शब्द एकट्या तुमचा कसा होईल? कोल्हापूर हे गावाचं नाव, तेही एकट्याला मिळणं अवघड. मी चिडून घरी आले आणि शब्दकोश काढून एक संस्कृत नाव जुळवलं. ते कुणाचंच नव्हतं. आईनं ते दोनदा म्हणून पाहिलं, आणि म्हणाली, हे खोकल्याचं औषध वाटतंय.

मग एका दुपारी, अर्धवट झोपेत, मला बाबा दिसले. भाजलेल्या मसाल्याचा डबा सायकलला बांधून ते मिरची कांडपाला गिरणीत निघाले होते. दरवर्षी तेच जायचे. तिथं खटाखट चाललेल्या यंत्राशेजारी तोंडाला पांढरा रुमाल बांधून बसायचे, आणि रुमाल लाल करून शिंकत घरी यायचे. आईची चटणी दुसऱ्या कुणाच्या भरवशावर त्यांनी कधी सोडली नाही. मी दचकून उठले. नाव इतके दिवस घरातच होतं. बाबांचं नाव त्यांच्या आजीनं ठेवलेलं, जुन्या वळणाचं. तीन अक्षरं, एकही जोडाक्षर नाही, अर्थ पहाटेशी जोडलेला. बेंगळुरूच्या गिऱ्हाईकालाही एका दमात म्हणता आलं असतं.

सल्लागार बाईंनी ते घालून पाहिलं. तेच नाव नाही, उच्चाराने जवळ जाणारंही नाही. इंटरनेटवर चटणी-मसाल्यात कुणी वापरत असलेलं सापडलं नाही. गेलेल्या माणसाचं नाव आहे तर वारसांची लेखी संमती लावून ठेवू, असं त्या म्हणाल्या. आईनं सही केली, आणि संमतीपत्रात बाबांचं नाव तिच्या ठसठशीत अक्षरात स्वतः लिहिलं. लिहिताना तिचा हात अडखळला नाही. मला इतका आनंद झाला होता की घरी येताना मी रिक्षावाल्यालाही ते नाव सांगितलं.

अर्ज भरायच्या आधी त्याच आठवड्यात बचत गटांचं प्रदर्शन होतं. मी हौसेनं कापडी फलक रंगवून घेतला. पहिलंच गिऱ्हाईक म्हणून एक आजोबा आले. चटणी चाखली, डोळ्यांत पाणी आलं, आणि खूश होऊन म्हणाले, "आक्का, चष्मा घरात ऱ्हायलाय. काय नाव म्हनायचं हिचं?"

आईनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग फलकाकडे बोट दाखवलं. आजोबा डोळे बारीक करून बघत राहिले. शेवटी मीच नाव सांगितलं.

दिवसभर हेच. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी आईला बाबांचं नाव उच्चारताना कधी ऐकलंच नव्हतं. 'अहो', नाहीतर 'ऐकलं का', नाहीतर माझ्याकडे बघून 'तुझे बाबा'. लग्नामुंजीत उखाण्यात काय घेतलं असेल तेवढंच. गिऱ्हाइकांना म्हणता येईल का, दुसरं कुणी वापरतंय का, सगळं तपासलं होतं मी. जिनं ते दिवसातून पन्नासदा घ्यायचं, तिला विचारायचं राहिलं होतं. शेजारच्या स्टॉलवरच्या बायकांना हे कळलं तेव्हा त्यांनी आईला उखाणा घ्यायला लावला. तिनं लाजत घेतला, टाळ्या पडल्या, डबेही खपले. पण फोनवर काय दर वेळी उखाणा घेणार?

फोन आले की ती नुसतं म्हणायची, "व्हय, चटणीचंच घर हाय." पलीकडचं माणूस नाव विचारायचं आणि ती फोन माझ्या हातात द्यायची. तिचा धंदा, आणि बोलायला मी. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती खोबरं भाजत होती. मी जरा तोडूनच म्हणाले, अजून अर्ज गेलेला नाही, नाव बदलून टाकू.

ती खोबरं हलवत राहिली. मग आच कमी करून बोलली.

"नाव घेतलं की मानसाचं आयुष्य कमी हुतंय म्हनत्यात. म्हनून कधी घेतलं न्हाय."

"पण आई, आता..." मी म्हणाले.

"त्येच की," ती म्हणाली. "आता घेतलं म्हंजे कमी व्हायला काय ऱ्हायलंच न्हाय, आसं हुतंय."

माझीच मला लाज वाटली आणि तिची फार माया आली. मी म्हणाले, राहू दे, दुसरं शोधू, घाई नाही. तिनं गॅस बंद केला, पदरानं तोंड पुसलं आणि मिरची हलवायला गच्चीवर गेली.

मी खाली तशीच पडून राहिले. तो तांबूस उजेड भिंतीवर हलत होता. वर मिरची खुळखुळत होती, ती थांबली. मग आईचा आवाज आला. तिनं बाबांचं नाव घेतलं. अगदी हळू, एकदाच. जरा वेळानं पुन्हा घेतलं, या वेळी मोठ्यानं, खालच्या खोलीतल्या माणसाला वर बोलवावं तसं. आणि ती थांबली. कुणी ओ दिली नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हालले नाही.

मग मिरची पुन्हा हलू लागली, आणि आईनं तिसऱ्यांदा नाव घेतलं. या खेपेला त्याला जोडून ती सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "चटणी. कोल्हापुरातनं बोलतोय आमी. किती डबं पायजेत?"