आडव्या आवाजाची नोंद

कारखान्यात त्याला सगळे बॉयलरच म्हणायचे. कामही बॉयलरवरचं आणि स्वभावही. चौतीस वर्षं वाफेच्या काट्यावर नजर ठेवून उभा राहिलेला माणूस. त्या धडधडाटात शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावंच लागायचं, त्यामुळे घरीसुद्धा पाणी मागितलं तरी गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची. बायको म्हणायची, "अहो, मी कानाशी बसलेय, डोंगरापलीकडे नाही." ती गेली त्याला आता सात वर्षं झाली.

गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लाकडासारखा झाला, उजवा पाय ओढत चालायची पाळी आली आणि आवाज बसला. बसला म्हणजे गेला नाही. जीभ जड झाली, शब्द एकमेकांच्या अंगावर पडायला लागले. भिंतीला धरून तो मोरीपर्यंत जाई, पण एकदा पडला तर स्वतःच्या बळावर उठणं नव्हतं.

लेक दोन गल्ल्या सोडून राहायची. धाग्याच्या कारखान्यात रिळं पेटीत भरायचं काम. सकाळी येऊन बापाचं आवरायची, जेवण झाकून ठेवायची आणि साडेसातची कारखान्याची बस पकडायची. संध्याकाळी पाचला परत. मधले साडेनऊ तास तो एकटा. म्हणून लांबच्या शहरातल्या मुलाने फोन घेऊन दिला होता आणि खाटेशेजारी स्टँडवर बसवला होता. त्यात आवाजावर चालणारा मदतनीस. ठरलेली हाक मारायची, तो जागा होतो, मग सांगायचं कुणाला फोन लाव. बोट लावायला नको.

पण मुलाने तो इंग्रजीत ठेवला होता. बॉयलर म्हणायचा, "लेकीला फोन लाव," आणि आतली बाई गोड आवाजात इंग्रजीत काही तरी बोलायची, नाही तर कुठल्या तरी दुकानांची यादी वाचून दाखवायची.

"ही काय बोलते?" तो लेकीला विचारी.

"अप्पा, ती म्हणते माफ करा, कळलं नाही."

"मग तसं मराठीत म्हणायला तिला काय झालं?"

एका बुधवारी सकाळी लेकीने सेटिंगमध्ये शिरून भाषा बदलली. मराठी निवडली. तर फोन म्हणाला, भाषा बदलली, आता आवाज नव्याने नोंदवा. समोर चार वाक्यं येणार, ती एकेक करून मोठ्याने म्हणायची, म्हणजे तो आवाज ओळखून ठेवतो आणि पुढे त्याच आवाजाच्या हाकेला ओ देतो. हे बरंच होतं. आधी टीव्हीवर कुणी काही बोललं तरी फोन दचकून जागा व्हायचा.

बॉयलर ताठ बसला. पहिलं वाक्य फोनने घेतलं, हिरवी खूण आली. दुसऱ्याला अडला. 'नीट ऐकू आलं नाही, पुन्हा बोला.' तो पुन्हा बोलला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बोलताना मान थरथरली, ओठाच्या कडेने लाळ आली. बाहेर बसचा भोंगा वाजला.

"राहू दे," तो म्हणाला. "मेलं ते."

लेकीने फोन उचलला, दाराबाहेर गेली आणि चारही वाक्यं स्वतः खडाखडा म्हणून टाकली. चार हिरव्या खुणा. आपण काय केलं हे तिला कळत होतं. रविवारी निवांत बसून करू नीट, असं तिने मनाशी ठरवलं. आत येऊन फोन स्टँडवर ठेवत म्हणाली, "झालं अप्पा. आता बोला मराठीत."

संध्याकाळी त्याने तिच्यासमोर हाक मारली. फोन ढिम्म. तिने चहा गाळता गाळता तीच हाक मारली, फोन लगेच जागा झाला. "नवीन नोंद आहे ना, सरावायला वेळ लागतो त्याला," ती म्हणाली. खोटं एकदा बोललं की त्याला भावंडं होतात. गुरुवारी एक, शुक्रवारी एक.

आणि रविवारी मुलगा आला. रिकामी बॅग घेऊन.

"अप्पांना घेऊन जातोय," त्याने बहिणीला सांगितलं. "मला तिकडे झोप लागत नाही. एकटा माणूस घरात, पडला तर?"

"चौथ्या मजल्यावर?" बॉयलर खाटेवरून म्हणाला. "मला काय कबूतर समजलास?"

"लिफ्ट आहे अप्पा."

"खाली उतरून करू काय? तुझी ती पार्किंग बघू?" त्याचे शब्द घसरत होते, पण अर्थ घसरत नव्हता. "इथं दारात बसलो तर चार माणसं विचारून जातात. मी नाही येत."

बरीच ओढाताण झाली. शेवटी मुलगा म्हणाला, "ठीक. माझी एकच अट. मी समोर उभा राहतो. तुम्ही स्वतः हाक मारून हिला फोन लावून दाखवा. लागला तर राहा. नाही लागला तर उद्या सकाळची गाडी."

स्वयंपाकघराच्या पडद्याआड लेक उभी होती. हातातला झारा हातातच राहिला. तिचा फोन ओट्यावर होता.

बॉयलरने हाक मारली. फोन काळाच. पुन्हा मारली. खाटेचा कठडा डाव्या हाताने घट्ट धरून तिसऱ्यांदा मारली. मुलाने खाली बघितलं. बापाचा तो चेहरा त्याला बघवेना.

पडद्याआडून, अगदी हळू, लेकीने हाक मारली.

फोन टिंग करून उजळला. बॉयलर म्हणाला, "लेकीला फोन लाव." जाग आल्यावर काय सांगितलं ते फोनला बरोबर कळलं आणि ओट्यावर तिचा फोन वाजायला लागला.

"जमलं की अप्पा!" मुलगा हसला. खरंच सुटल्यासारखा हसला.

बॉयलर पडद्याकडे बघत होता. त्याने एक शब्द बोलायचा अवकाश, की राहणं पक्कं होतं. खरं तर तेवढाही नाही. गप्प बसलं तरी चाललं असतं.

"माझं नाही जमलं," तो म्हणाला. "ही बोलली."

मग जे व्हायचं ते झालं. "तू फोनला स्वतःचा आवाज शिकवलास?" मुलगा बहिणीवर उखडला. "छोटे, चार दिवस हा माणूस मुक्या खोक्याच्या भरवशावर इथे पडून होता! बुधवारी पडला असता तर?"

"बस चुकली तर अर्ध्या दिवसाचा खाडा लागतो दादा! तुला काय, महिन्यातून एकदा बॅग घेऊन यायचं आणि अटी घालायच्या."

"अटींचं सोड. खोटं का बोललीस?"

ती पदराने तोंड पुसत राहिली. मग म्हणाली, "अप्पा गेले तर माझं इथे कोण आहे?"

हे आजवर तिने कधी उच्चारलं नव्हतं. बॉयलरने डावा हात वर केला. "रडू नका दोघंही. पुसून टाका तिचा आवाज. माझा घ्या."

जुनी नोंद काढून टाकली. बॉयलरने दातांची कवळी बसवली, उशीला टेकून ताठ झाला आणि साहेबापुढे उभं राहिल्यासारखा एकेक शब्द तोलून बोलला. दुसऱ्या वाक्याला दोनदा अडखळला, पण चारही खुणा आल्या. लेकीने टाळी वाजवली. तो दमून आडवा झाला, कवळी वाटीत काढून ठेवली आणि पडल्या पडल्या हाक मारली.

फोन काळाच.

मुलाने त्या वाटीकडे बघितलं. "अप्पा, चुकतंय आपलंच," तो म्हणाला. "नोंदवताना तुम्ही बोललात तो जुना बॉयलर. पण फोनची गरज लागणार कधी? तुम्ही आडवे असताना. कवळी नसताना. दमलेले असताना. फोनला तो आवाज माहीतच नाही."

"मग त्याला माझा हा फाटका आवाज ऐकवू?"

"तोच तर तुमचा आहे आता."

बॉयलरला ते लागलं. त्याने भिंतीकडे तोंड केलं. मग तसाच, आडवा, बोळक्या तोंडाने, म्हणाला, "आण इकडे." लेक एकेक वाक्य हळू वाचून दाखवायची, तो मागून जमेल तसं म्हणायचा. शब्द चिकटत होते, लोंबत होते. पाऊण तास गेला. मधे एकदा त्याने फोनला अशी शिवी दिली की नोंदवणं पहिल्यापासून सुरू करावं लागलं. शेवटी चौथी खूण आली.

त्याने पाच वेळा हाक मारली, चार वेळा फोन जागा झाला. मुलाने मारून बघितली, काही नाही. "तू मार," तो बहिणीला म्हणाला. तिने मारली. एकदा, दोनदा. फोन तिला आता ओळखत नव्हता. हेच तर हवं होतं, तरी तिला कसंतरीच झालं.

"पाचातली एक हाक हुकते," मुलगा म्हणाला.

"दुसऱ्यांदा मारीन," बॉयलर म्हणाला. "बॉयलरची शिट्टीसुद्धा पहिल्या ओढीला वाजत नव्हती."

एक महिना बघू, असं ठरलं. मुलगा रिकामी बॅग घेऊन परत गेला.

सोमवारी लेकीने सुपरवायझरबाईंच्या हातापाया पडून फोन एप्रनच्या खिशात ठेवायची परवानगी मिळवली. एरवी सगळ्यांचे फोन कपाटात कुलूपबंद असत. नऊ वाजता खिशात थरथर झाली. रिळं टाकून ती जिन्याकडे धावली.

"अप्पा! काय झालं?"

"काही नाही. लागतो का बघितलं."

साडेनऊला पुन्हा. "पहिल्याच हाकेला लागला बघ!" आवाजात पोरासारखा आनंद. दहा वाजता पुन्हा वाजला तेव्हा सुपरवायझरबाई मागेच उभ्या होत्या. "तुमच्या वडिलांना एवढ्यात काय काय होतं हो?" त्या म्हणाल्या, आणि आजूबाजूच्या बायका हसल्या.

"अप्पा," लेक दबक्या आवाजात खेकसली, "काम असेल तरच लावा ना! उगाच नका लावू. माझा फोन काढून घेतील मग."

"बरं," तो म्हणाला.

त्यानंतर फोन वाजला नाही. तासभर तिला बरं वाटलं. मग बरं वाटेना. दर दहा मिनिटांनी ती खिसा चाचपून बघायची. घरी सगळं ठीक असलं तरी फोन गप्पच असणार, आणि हाक हुकत असली तरी गप्पच. दोन्हींतलं कोणतं, हे कळायला वाट नव्हती. जेवणाच्या सुट्टीत तिने स्वतःच लावला. घंटी वाजत राहिली. झोपले असतील, असं ती स्वतःला म्हणाली, पण हातातला घास खाली ठेवला.

पाचला ती बसमधून उतरली ती पळतच. दार ढकललं. बॉयलर खाटेवर होता, डोळे उघडे. जेवणाचं ताट झाकलेलंच. फरशीवर पाण्याचा तांब्या आडवा, आणि पाणी वाळून गेलेलं. खाली वाकायची त्याची छाती नव्हती. ओठ पांढरे, कोरडे पडलेले. पाण्याशिवाय घास उतरला नसता म्हणून जेवणही तसंच. ओल्या फरशीवर घसरेल या भीतीने तो मोरीपर्यंतही गेला नव्हता, अंथरूणही ओलं होतं.

"अप्पा!" तिने ओंजळीने त्याच्या तोंडात पाणी घातलं. "फोनने ऐकलं नाही का? किती वेळा हाक मारलीत?"

त्याने पाणी गिळलं. पुन्हा मागितलं, पुन्हा गिळलं.

"मारलीच नाही," तो म्हणाला.

"का?"

"तांब्याच सांडला होता. मी कुठं पडलो होतो?" त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. "आणि तू दुपारी लावलास, तो वाजताना ऐकला मी. फोनला घ्यायला सांगितलं असतं तर माझ्या आवाजावरून कळलं असतं तुला. तू काम टाकून आली असतीस."

लेक फरशीवर बसली. स्टँडवरचा फोन दोघांच्या मधे होता, पूर्ण चार्ज झालेला, आणि बाप कधी बोलतो याची वाट बघत होता.