थंड, सामान्य, उबदार

ताई गेली आणि दोन-तीन महिन्यांत बाबांनी दिग्रसहून मोठा टीव्ही आणला. तो कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. रोज दिवेलागणीला ते तिच्या लग्नाचा व्हिडिओ लावत आणि कोरड्या डोळ्यांनी पाहत. आई मात्र आत भांडी घासत राही, घासून झालेलीसुद्धा.

ते शूटिंग माझंच. लग्नाचे व्हिडिओ काढणं हाच माझा धंदा. त्यामुळे आई बाहेर येत नाही याचा मला रागच यायचा. शेवटी उन्हाळ्यात घरी आलो तेव्हा विचारलंच.

"थे निळी दिसते," आई म्हणाली. "शेवटच्या दिवशी दिसे तशी."

ताईला शेतात मण्यार चावली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास बंद पडत आला होता, ओठ निळे झाले होते. आईच्या मांडीवर डोकं होतं.

मी टीव्हीसमोर बसलो. खरंच, गालावरची हळद हिरवट, ओठ जांभळट. सेटिंग उघडलं. रंगाचं तापमान, थंड. दुकानात टीव्ही उजळ वाटावा म्हणून असा निळा पांढरा ठेवतात, पण हे बाबांनी स्वतः केलं होतं.

"उबदार केला तं टीव्ही तापून जळन नं," बाबा म्हणाले. "वर टिनं कसे भाजून राह्यले, पाह्य."

एरवी मी पोट धरून हसलो असतो. सेट तापण्याशी याचा काही संबंध नाही, फक्त पांढऱ्यात निळा किती आणि पिवळा किती एवढंच ठरतं, हे सांगून माझा घसा सुकला. व्हिडिओचे रंग बसवताना आम्ही जो पांढरा धरतो, त्याच्या जवळ बहुतेक टीव्हींत 'उबदार'च येतं. 'सामान्य'सुद्धा जरा निळसरच. बाबा तरी सेटच्या पाठीला हात लावून बसले.

उबदार केल्यावर सगळं पिवळं वाटलं. डोळे निळ्याला सरावले आहेत, थोडे दिवस बदलू नका, असं मी बजावलं. चार-दोन दिवसांत पिवळेपणा जाणवेनासा झाला. पांढरा मांडव पांढरा दिसला, हळद हळदीसारखी, आणि ताईचा सावळा रंग तिचा तिला परत मिळाला.

त्या संध्याकाळी आई ओले हात पदराला पुसत बाहेर आली आणि खाली बसली. मला फार बरं वाटलं. बाबांकडे पाहिलं तर ते रडत होते, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"थंडच करून दे बापा," ते म्हणाले. "थंडात मले समजे का थे गेली."

मी रिमोट हातात धरून दोघांच्या मध्ये उभा राहिलो. आईनं तो काढून घेतला आणि पदराखाली ठेवला.

आता आई रोज व्हिडिओ पाहते. बाबा तेवढा वेळ अंगणात खाटेवर, घराकडे पाठ करून बसतात.