देवणीतली पहिली भेट

अमृतराव देवणीच्या फाट्यावर एसटीतून उतरला, तेव्हा दुपारचे चार वाजत होते. जेवणाच्या वेळी घरी येऊ नका, असं उमादेवीनं बजावलं होतं. दोघंही लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीत कामाला. तो लिपिक, ती टायपिस्ट; लग्न करायचं दोघांनी ठरवलं होतं. जिल्हा होऊन दोन वर्षं झाली होती आणि पावसानं दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. हातातल्या पिशवीतली केळी त्यानं तीनदा चाचपून पाहिली.

उमादेवीच्या दारात वहाणा काढून त्यानं तिनंच शिकवलेला लिंगायतांचा नमस्कार घातला, "शरणार्थी."

"शरणार्थी. या, बसा," उमादेवीचे वडील शरणप्पा म्हणाले. किराणा दुकानदार माणूस, नजर तराजूसारखी.

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. उमादेवीच्या आई, गंगम्मा, पाण्याचा पेला घेऊन आल्या. त्यानं दोन घोट घेऊन पेला खाली ठेवला. गंगम्मांची नजर पेल्यावरच राहिली. टँकर आठवड्यातून एकदाच येत होता. त्याचे कान तापले. त्यानं पेला उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला.

बसमध्ये पाठ केलेल्या वाक्यांपैकी एकही आठवेना. उमादेवी आतल्या दारात उभी होती. अंगणात काळी-पांढरी गाय कडब्याचं चिपाड चघळत होती. बरगड्या दिसत होत्या, पण शिंगांना तेल लावलेलं.

"किती वेतं झाली हिची?" त्यानं विचारलं.

शरणप्पांचा चेहरा सैल झाला. "तीन. चाऱ्याच्या छावणीत न्हाई धाडली. तुम्ही गुरं राखलीत व्हय?"

"नायगावकडं आमची शेती हाय, काका. दोन बैल विकले औंदा."

गंगम्मांनी धपाटं वाढलं. त्यानं ते सावकाश, बोट न चाटता संपवलं. "आणखी एक देऊ का?" म्हटल्यावर उगाच आढेवेढे न घेता, "अर्धं द्या," म्हणाला. त्या पहिल्यांदा हसल्या.

तेवढ्यात शरणप्पांनी विचारलं, "घरच्यांना ठाऊक हाय का हे?"

'हाव' हा होकार जिभेवर आला. उमादेवीनं पदराचं टोक मुठीत आवळलं.

"आईला सांगितलंय. वडलांपुढं अजून तोंड उघडलं न्हाई."

"मग इथं आधी कसं काय आलात?"

"चूक झाली, काका. पण खोटं सांगून बसायचं नव्हतं."

शरणप्पांनी गायीकडं नजर वळवली. "लिंगायताच्या घरात मराठा जावई. बोलणारे लई बोलतील. पहिलं तुमच्या वडलांच्या कानावर घाला. त्यांना घेऊन या, मग बोलू."

चहा झाला. दिवे लागायच्या आत तो स्वतःहून उठला, दोघांच्या पाया पडला.

उदगीरच्या स्टँडवर लातूरची गाडी लागलेली होती. दोन पावलं तिकडं टाकून तो थांबला आणि गावाकडच्या, नांदेडच्या गाडीत चढला. आता वडील.

सगळं ऐकल्यावर वडील तीन महिने त्याच्याशी बोलले नाहीत. चौथ्या महिन्यात, एका सकाळी, त्यांनी धुतलेला पटका मागितला आणि विचारलं, "ह्या देवणीला गाडी कितीला हाय?"